आमच्या टाकीखालच्या मातीचे आठ आकडे : पाणीपुरवठा विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग

विषय : गावातील दोन लाख लिटरच्या उंच टाकीच्या पायासाठी धरलेल्या मातीच्या ताकदीबाबत

महोदय,

आमच्या ग्रामसभेने टाकीच्या पायावर लेखी आक्षेप घेतला होता. त्यावर आपल्या कार्यालयाचं उत्तर आलं : मातीच्या अहवालात चाचण्यांची सरासरी घेतली आहे, त्यावर तीनचा सेफ्टी फॅक्टर आहे, म्हणजे माती पेलेल त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच भार धरला आहे, सबब आक्षेप ग्राह्य धरता येत नाही. हे उत्तर मला मान्य नाही. मराठवाड्यात ठिकठिकाणी अशा टाक्या उभ्या राहत आहेत. आमच्या गावचा कागद मी पाहिला म्हणून मला कळलं, बाकीच्या गावांनी तो पाहिलाच नसेल. म्हणून हे पत्र बंद पाकिटातून न पाठवता सगळ्यांसमोर ठेवते आहे.

मी स्थापत्य अभियंता आहे आणि माती तपासणं हेच माझं रोजचं काम. मांजरेच्या काठचं हे गाव माझं सासर. टाकीची जागा जिल्हा परिषदेच्या शाळेला लागून आहे आणि माझ्या दिरांची मुलं त्याच शाळेत शिकतात. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आमच्या घरातल्या मोठ्या माणसांना काल झाल्यासारखा आठवतो. चारशे टनांचं वजन बारा मीटर उंच खांबांवर, शाळेच्या कुंपणाशी, हे ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला : खाली माती कशी आहे?

त्याचं उत्तर शोधायला मी माहितीच्या अधिकारात प्रयोगशाळेचे मूळ कागद मागवले. अहवालात एकच आकडा होता, मूळ कागदांत आठ होते. जागेवर तीन बोअर घेतले आहेत. तीन ते साडेसहा मीटर खोलीवरून चिकणमातीचे अखंड नमुने काढून दाबून तोडले आहेत. त्यातून निघालेली ताकद, म्हणजे कोहेजन, टन प्रति चौरस मीटरमध्ये अशी आहे. शाळेकडच्या पहिल्या बोअरमध्ये ९.२, ७.५ आणि ११.०. मधल्या दुसऱ्या बोअरमध्ये ८.४ आणि ६.८. ओढ्याकडच्या तिसऱ्या बोअरमध्ये ४.८, ५.८ आणि ४.१.

आठांची बेरीज ५७.६, सरासरी ७.२. चौरस फुटिंगच्या, म्हणजे खांबाखालच्या पसरट पायाच्या, नेहमीच्या सूत्रात ७.२ घातले, तीनने भागले की सुरक्षित धारणक्षमता, म्हणजे मातीवर निर्धास्त टाकता येणारा भार, येते १६ टन प्रति चौरस मीटर. सहा खांब, भरलेल्या टाकीसकट प्रत्येकावर सुमारे ७० टन, म्हणून प्रत्येकाखाली २.१ मीटर बाजूचं चौरस फुटिंग. आपल्या मंजूर नकाशात नेमकं हेच आहे. गणितात कुठे चूक नाही. चूक गणिताला हात घालण्याआधी झाली आहे.

माझी पहिली तक्रार अशी की हे आठ आकडे जागेच्या नकाशावर मांडून कोणी पाहिलेच नाहीत. मातीचे आकडे विस्कळीत येतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. चिकणमातीच्या ताकदीत सरासरीच्या वीस ते चाळीस टक्के इतका विखुरलेपणा असणं नवलाचं नाही, आणि आमचे आठ आकडे बत्तीस टक्क्यांत बसतात. त्यामुळे कार्यालयात बसून पाहिलं तर सगळं नेहमीसारखं वाटतं. पण तिसऱ्या बोअरचे तिन्ही आकडे सहाच्या खाली आहेत आणि बाकी पाचांपैकी एकही सहाच्या खाली नाही. निव्वळ योगायोगाने असं क्वचितच होतं. त्याच कागदांवर ओलाव्याचा रकाना आहे : पहिल्या दोन बोअरमध्ये २४ ते २७ टक्के, तिसऱ्यात ३४ ते ३८. कोरडी घनताही तिथे कमी. म्हणजे ती माती एकाच थराची कमी-जास्त बाजू नाही, ती वेगळीच माती आहे.

कारण गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. रस्ता होण्याआधी ओढा तिथूनच वाहत होता. रस्ता झाला, ओढा वळवला, जुनी वाट गाळाने आणि वाहून आलेल्या काळ्या मातीने भरत गेली. वर आज सपाट गायरान दिसतं, खाली ओढ्याचं पात्र तसंच आहे. दोन वेगळ्या मातींची मिळून काढलेली सरासरी जागेवरच्या कुठल्याच मातीची नसते. ७.२ ही ताकद शाळेकडच्या खांबांखाली आहे त्यापेक्षा कमी आहे आणि ओढ्याकडच्या दोन खांबांखाली आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त.

आकड्यांचे हे दोन गट वेगळे केल्यावर पुढचा प्रश्न येतो, आणि माझी दुसरी तक्रार त्याबद्दल आहे. ओढ्याकडच्या तीन आकड्यांची सरासरी ४.९ येते. मग ४.९ धरायचे का? तेही नाही. तीन चाचण्यांवरून काढलेली सरासरी ही खऱ्या सरासरीचा अंदाज असतो, आणि तीनच चाचण्या असताना तो अंदाज बराच डळमळीत असतो. आणखी तीन नमुने काढले तर ४.२ येईल की ५.६, हे आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून डिझाइनसाठी असा आकडा धरायचा असतो की खरी सरासरी त्याच्याखाली असण्याची शक्यता शंभरात पाचांहून जास्त नसावी. युरोपच्या पायाबांधणीच्या नियमावलीत, म्हणजे युरोकोड ७ मध्ये, याला वैशिष्ट्यपूर्ण मूल्य म्हणतात. ज्या मातीवर बांधकामाचं यश-अपयश ठरणार आहे तिच्या ताकदीचा सावध अंदाज, असा त्याचा अर्थ.

तो काढायची रीत अवघड नाही. आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत ते विचलन काढायचं, त्याला चाचण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं, टी-तक्त्यातल्या गुणकाने गुणायचं आणि येईल ते सरासरीतून वजा करायचं. हा तक्ता १९०८ साली विल्यम गॉसेट यांच्या कामातून आला. ते डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला होते, 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहीत, आणि त्यांची अडचण आपलीच होती : नमुने थोडे, निर्णय मात्र घ्यायलाच हवा. आठ चाचण्या असतील तर तक्त्यातला गुणक १.९ च्या आसपास असतो, तीनच असतील तर २.९ होतो. चाचण्या कमी केल्याचा दंड इथेच भरावा लागतो.

ओढ्याकडच्या तीन आकड्यांचं विचलन ०.८५. त्याला तीनच्या वर्गमुळाने भागून २.९२ ने गुणलं की १.४ येतात. ४.९ मधून १.४ गेले, उरले ३.५. पहिल्या दोन बोअरच्या पाच आकड्यांची सरासरी ८.६, विचलन १.६, आणि त्याच रीतीने तिथे ७.० उरतात. एका टाकीच्या सहा पायांखाली एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला साडेतीन. आपल्या अहवालात मात्र सगळीकडे सात पूर्णांक दोन.

तरीही ही रीत म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. एकाच बोअरमधून मीटरभर अंतराने काढलेले नमुने एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात. साचलेल्या मातीचे गुण उभ्या दिशेत मीटर-दोन मीटरमध्ये बदलतात, आडव्या दिशेत कित्येकदा दहा-वीस मीटरपर्यंत सारखे राहतात. त्यामुळे तीन नमुने कागदावर तीन असले तरी माहिती तितकी देत नाहीत, आणि ३.५ हा आकडाही थोडा उदारच म्हणावा लागेल. म्हणूनच खाली मी आणखी बोअर मागितले आहेत.

आता साडेतीनचा अर्थ पायाच्या भाषेत. तीनचा सेफ्टी फॅक्टर धरला तर तिथली सुरक्षित धारणक्षमता येते ७.८ टन. आपण टाकणार १६. म्हणजे त्या दोन खांबांखाली खरा सेफ्टी फॅक्टर दीडच्याही खाली जातो. ग्रामसभेत आपले शाखा अभियंता म्हणाले की दीड म्हणजे एकपेक्षा जास्त, टाकी पडणार नाही. ताबडतोब पडणार नाही हे मलाही मान्य आहे. पण तीनचा फॅक्टर मातीच्या आकड्यातल्या चुकीसाठी राखून ठेवलेला नसतो. सूत्रातल्या ढोबळपणासाठी, वारा आणि भूकंपात एका बाजूच्या खांबांवर वाढणाऱ्या वजनासाठी, शिवाय माती दाबली जाऊन पाया किती खचेल ते आटोक्यात राहावं म्हणून तो असतो. तो मुळात सावध आकड्यावर लावायचा. सरासरीवर लावला की निम्मा तिथेच संपतो आणि भूकंपासाठी काही उरत नाही.

शिवाय टाकी मोडण्याआधी कलते. खांबांचं वर्तुळ सहा मीटर व्यासाचं आहे. ओढ्याकडची बाजू शाळेकडच्या बाजूपेक्षा नुसती ३० मिलिमीटर जास्त खचली तरी पंधरा मीटरवर टाकीचं डोकं ७५ मिलिमीटर सरकतं. कललेल्या टाकीचं वजन खचणाऱ्या बाजूवरच जास्त येतं, म्हणून तीच बाजू आणखी खचते. खांबांना जोडणाऱ्या आडव्या बीमच्या टोकाला तिरक्या भेगा पडतात, पाइपचे जोड गळू लागतात. गळणारं पाणी कुठे जातं? त्याच गाळात.

तिसरी तक्रार ४.१ या आकड्याबद्दल आहे. ग्रामसभेत आपल्या अधिकाऱ्यांनी तो खराब नमुना ठरवला आणि सोडून दिला तरी चालेल असं सांगितलं. मी प्रयोगशाळेच्या नोंदी पाहिल्या. नमुना ३८ मिलिमीटर व्यासाचा, ७६ मिलिमीटर उंचीचा, प्रमाणात कापलेला. शेऱ्यात लिहिलं आहे : 'तिरक्या चकाकत्या फटीवर सरकून तुटला.' काळ्या चिकणमातीचं काम केलेल्या कोणालाही ती फट ओळखीची आहे. माती वर्षानुवर्षं उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, तिचे ढेकूळ एकमेकांवर घासतात आणि आतून साबणासारखे गुळगुळीत, चमकणारे पृष्ठभाग तयार होतात. हात लावला तर बोट घसरतं. नमुना तिथे तुटला याचा अर्थ तिथली माती तिथे दुबळी आहे, नमुना बिघडला असा होत नाही. उलट एवढ्या छोट्या नमुन्यात फट सापडली नाही तर चाचणी खऱ्यापेक्षा जास्त ताकद दाखवते, कारण दोन मीटरच्या फुटिंगखाली अशा कितीतरी फटी असणार.

आणि खराब नमुना शोधायचाच तर ११.० कडे कोणाचं लक्ष का गेलं नाही? तो पहिल्या बोअरचा, सर्वांत वरचा नमुना. कागदांवरची तारीख मे महिन्याची आहे आणि त्याचा ओलावा आठांत सर्वांत कमी, २४ टक्के. मेच्या उन्हात वरची चिकणमाती विटेसारखी टणक होते आणि सप्टेंबरात तीच पायाखाली दबते. हे कोणाही शेतकऱ्याला ठाऊक असतं, अहवालात मात्र चाचणीची तारीखच दिलेली नाही. कमी आकड्यावर संशय घ्यायचा आणि जास्त आकडा मुकाट्याने स्वीकारायचा, असं केलं की सरासरी हलकेच वर सरकते आणि कोणी खोटं बोललं असंही म्हणता येत नाही. एखादा आकडा वगळायचा असेल तर नमुना हलला, नळी वाकली, कडा तुटल्या, असं कारण त्याच दिवशी लिहिलेलं हवं. आकडा आवडला नाही हे कारण होत नाही.

काही जण म्हणतील, मग सगळीकडे सर्वांत कमी आकडाच धरा. तेही मला मान्य नाही, आणि सरकारी पैशाचा विचार केला तर ते योग्यही नाही. किती सावध राहायचं हे किती मोठी माती एकदम कामाला लागणार आहे त्यावर ठरतं. आपल्याच जिल्ह्यात पाझर तलावांचे मातीचे बांध आहेत. बांधाचा उतार घसरतो तेव्हा घसरणीची वाट वीस-तीस मीटर लांब असते. ती दुबळ्या जागेतून जाते तशी टणक जागेतूनही जाते, एका जागेची उणीव दुसरी भरून काढते. तिथे सरासरीच्या जवळचा, थोडा खालचा आकडा धरणं रास्त आहे. दोन मीटरच्या सुट्या फुटिंगला ही सोय नाही. त्याचा भार खाली चारेक मीटरपर्यंतच्या मातीला जाणवतो आणि ती सगळी दुबळी निघाली तर शेजारच्या फुटिंगखालची चांगली माती त्याच्या मदतीला येत नाही. तेच आठ आकडे, तीच जागा, पण बांधासाठी उत्तर वेगळं आणि सुट्या फुटिंगसाठी वेगळं. आपल्या अहवालात मात्र 'धारणक्षमता १६ टन' एवढंच छापलेलं आहे. कशासाठी, किती रुंदीच्या पायासाठी, जागेच्या कोणत्या भागासाठी, याबद्दल एक अक्षर नाही.

मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट सांगते. याच टाकीच्या काँक्रीटसाठी आपलं कार्यालय अतिशय काटेकोर आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे एम-२५ काँक्रीटची वैशिष्ट्यपूर्ण ताकद म्हणजे शंभरात पाचांहून जास्त चाचण्या जिच्याखाली जाणार नाहीत अशी ताकद. म्हणून ठेकेदाराला मिश्रण २५ च्या बरंच वरच्या ताकदीचं करावं लागतं. उद्या त्याने आठ क्यूबचे आकडे आणून दिले, त्यातले तीन निम्म्याच्या आसपास आणि म्हणाला, साहेब सरासरी बरोबर आहे, तर आपण त्याचं बिल थांबवाल, आणि थांबवायलाच हवं. काँक्रीट आपण कारखान्यासारखं मोजून-मापून करतो, तरी त्याच्या सरासरीवर विश्वास ठेवत नाही. माती ओढ्याने टाकलेली आहे, तिच्या सरासरीवर मात्र डोळे मिटून विश्वास?

आता मागण्या.

सध्याच्या नकाशाप्रमाणे खोदाई सुरू करू नये. ओढ्याकडच्या दोन खांबांच्या नेमक्या जागी प्रत्येकी एक नवा बोअर घ्यावा आणि मधल्या पट्ट्यात दोन-दोन मीटरवर डायनॅमिक कोन चाचणी करावी, म्हणजे टोकदार कोन जमिनीत ठोकून माती किती टणक ते पाहावं. ही चाचणी स्वस्त आहे, एका दिवसात कित्येक ठिकाणी होते, आणि जुन्या पात्राची कड कुठून कुठे जाते ते तिच्यावरून कळेल. नमुने पावसाळा संपताना, माती ओली असताना घ्यावेत. मे महिन्यात घेतले तर भिजवून तपासावेत.

त्यानंतर पाया नव्याने ठरवावा. आजच्या आकड्यांवर माझा हिशेब असा : ७.८ टनांनी ओढ्याकडच्या प्रत्येक खांबाला ३ मीटरचं फुटिंग लागतं आणि खांबांमधलं अंतरही ३ मीटरच आहे, म्हणजे तिकडची फुटिंगं एकमेकांना भिडतात. अशा ठिकाणी सहा खांबांखाली मिळून साडेआठ मीटर व्यासाचा सलग राफ्ट, म्हणजे एकच मोठा पाया, करणं सरळ आहे. पण राफ्टची एक बाजू चांगल्या मातीवर आणि दुसरी गाळावर राहिली तर तो अख्खाच कलेल. म्हणून तिकडचा गाळ काढून मुरूम थराथराने दाबून भरावा लागेल. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे टाकी पंधरा मीटर देवळाकडे सरकवणं. ती जागाही गावाचीच आहे आणि ग्रामसभा तसा ठराव द्यायला तयार आहे. यातलं काय करायचं ते आपण ठरवा, पण नव्या बोअरचे आकडे समोर ठेवून ठरवा.

आणि एक मागणी फक्त आमच्या गावासाठी नाही. आपल्या विभागाच्या प्रत्येक माती अहवालात सगळे आकडे छापावेत, प्रत्येकासमोर बोअर, खोली, तारीख, ओलावा आणि नमुना कसा तुटला याचा शेरा असावा. वगळलेला आकडाही कारणासह तिथेच दिसावा. शेवटी डिझाइनसाठी धरलेला आकडा आणि तो का धरला हे दोन-तीन वाक्यांत लिहून जबाबदार अभियंत्याने सही करावी. यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवा निधी लागत नाही, अहवालाचं एक पान वाढेल. ते पान ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं, म्हणजे जुना ओढा कुठून जायचा हे ज्यांना माहीत आहे त्यांनाही ते वाचता येईल.

ठेकेदाराच्या सांगण्याप्रमाणे खोदाई दिवाळीनंतर सुरू होणार आहे. दोन बोअर आणि कोन चाचणी त्याआधी आरामात होऊ शकतात. आपण तारीख कळवा. मी जागेवर हजर राहीन आणि मूळ कागदांच्या प्रती सोबत आणीन.

आपली विश्वासू,
गावची एक सून आणि स्थापत्य अभियंता